विक्री वाढली आणि नफा घटला

सप्टेंबर २०१९ मध्ये अशोक लेलँडने आपल्या कारखान्यांचे बंद दिवस जाहीर केले. उत्तर चेन्नईतला एन्नोरचा कारखाना महिन्यात १६ दिवस बंद राहणार होता, आपल्याकडचा भंडाऱ्याचा १० दिवस. ट्रकना मागणी नव्हती आणि उत्पादन मागणीशी जुळवायचे होते. कारखाना बंद ठेवला की विकलेल्या गाड्यांची संख्या बदलत नाही, कारण त्या साठ्यातूनही देता येतात. पण त्या तिमाहीचा नफा मात्र बदलतो. विक्री तितकीच असताना नफा का हलावा, याचे उत्तर माल साठ्यात कोणत्या किमतीला धरला जातो यात आहे.

कंपनीचे खरे आकडे येथे घेत नाही, कारण वाहन कंपनीचा हिशेब शेकडो मॉडेलांत विखुरलेला असतो. त्याऐवजी अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत ट्रकचा एकच भाग बनवणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. एक नग १,००० रुपयांना विकला जातो. पोलाद, वीज, हत्यारांची झीज आणि नगावर मजुरी घेणारा ठेकेदार असा दर नगाबरोबर वाढणारा खर्च ६०० रुपये आहे. शेडचे भाडे, यंत्रांचा घसारा, कायम कामगारांचे पगार आणि सुपरवायझर यांचा खर्च तिमाहीला २० लाख रुपये, मग नग बनोत वा न बनोत. कायम कामगाराचा पगार मी मुद्दाम या दुसऱ्या गटात टाकला आहे. पाठ्यपुस्तके मजुरीला सरसकट बदलता खर्च म्हणतात, पण ऑर्डर कमी झाली म्हणून कायम कामगाराचा पगार नगाच्या प्रमाणात कापता येत नाही. साधारण परिस्थितीत तिमाहीला १०,००० नग निघतात, म्हणजे स्थिर खर्च दर नगाला २०० रुपये पडतो.

मार्जिनल कॉस्टिंगमध्ये नगाची किंमत ६०० रुपयेच. २० लाखांचा स्थिर खर्च हा त्या तिमाहीचा खर्च आहे आणि तो त्याच तिमाहीत पूर्ण नफ्यातून वजा होतो. अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगमध्ये स्थिर खर्च नगांवर चढवला जातो, म्हणून नगाची किंमत ८०० रुपये. नग विकला गेला की त्याच्यावरचे २०० रुपये खर्चात येतात. विकला गेला नाही तर ते २०० रुपये त्याच्याबरोबर गोदामात जाऊन बसतात आणि ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतात. दोन पद्धतींतला सगळा फरक एवढाच आहे.

पहिल्या तिमाहीत १०,००० नग बनले आणि तेवढेच विकले गेले. दोन्ही पद्धतींनी नफा २० लाख. गोदामात काहीच उरले नाही, त्यामुळे वाद घालायला जागा नाही.

दुसऱ्या तिमाहीत बाजार थंडावला. नग १०,००० बनले, विकले फक्त ७,०००. मार्जिनल पद्धतीत दर नगामागे ४०० रुपये सुटतात, म्हणजे २८ लाख. त्यातून २० लाख गेले, नफा ८ लाख. अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीत दर नगामागे २०० रुपये नफा, म्हणजे १४ लाख. हे जादा ६ लाख कुठून आले? गोदामात पडलेल्या ३,००० नगांवर २०० रुपयांप्रमाणे ६ लाखांचा स्थिर खर्च चढला आहे आणि तो पुढच्या तिमाहीची वाट पाहतो आहे.

तिसऱ्या तिमाहीत मालकाने शहाणपणा केला. कारखाना बरेच दिवस बंद ठेवून ६,००० नगच बनवले आणि साठ्यातले ३,००० मिळवून ९,००० विकले. मार्जिनल पद्धतीत ३६ लाखांतून २० लाख गेले, नफा १६ लाख. अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीत विक्रीवर १८ लाख सुटले, पण १०,००० नगांऐवजी ६,०००च बनल्यामुळे २० लाखांपैकी १२ लाखच नगांवर चढले. उरलेले ८ लाख थेट खर्चात टाकावे लागले आणि नफा राहिला १० लाख. विक्री ७,००० वरून ९,००० वर गेली आणि नफा १४ लाखांवरून १० लाखांवर आला. तिन्ही तिमाह्यांची बेरीज मात्र दोन्हीकडे ४४ लाखच. फरक फक्त नफा कोणत्या तिमाहीत दिसतो एवढाच.

आता दुसऱ्या तिमाहीकडे पुन्हा पाहा. कारखान्याच्या व्यवस्थापकाने मागणी ओळखून ७,०००च नग बनवले असते, तर अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीतही त्याचा नफा ८ लाखच दिसला असता. न खपणारे ३,००० नग बनवल्याबद्दल त्याला कागदावर ६ लाखांचे बक्षीस मिळाले, आणि त्यासाठी कारखान्याचे १८ लाख रुपये पोलादात, विजेत आणि मजुरीत अडकले. ज्याचा बोनस तिमाही नफ्यावर ठरतो, त्याच्यासमोर हा मोह ठेवणे मला चूक वाटते. अंतर्गत अहवालाला मार्जिनल पद्धतच बरी.

बाहेरच्या हिशेबात मात्र ती निवड नाही. एएस २ आणि इंड एएस २ ही दोन्ही मानके साठ्यात उत्पादनाचा स्थिर खर्च धरायला लावतात. त्यांनी एक लगाम ठेवला आहे: खर्च चढवायचा तो साधारण उत्पादनक्षमतेच्या हिशेबाने. तिसऱ्या तिमाहीत २० लाख भागिले ६,००० करून दर नगाला ३३३ रुपये चढवता येत नाहीत. म्हणूनच ते ८ लाख लगेच खर्चात गेले. उलट उत्पादन असाधारण वाढले तर नगावरचा दर उतरवावा लागतो, नाहीतर साठा खऱ्या खर्चापेक्षा महाग दाखवला जाईल. पण १०,०००च्या आत राहून न खपणारा माल बनवला, तर हा लगाम काही करत नाही.

तिथे दुसरा नियम येतो. साठा खर्चापेक्षा कमी किमतीला विकला जाणार असेल तर ती कमी किंमत धरायची. वाहन व्यवसायाला हे २९ मार्च २०१७ रोजी कळले. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री बंद केली तेव्हा देशभर अशी आठ लाखांवर वाहने न विकलेली होती. अशा मालाची किंमत पडली की त्यात दडलेला स्थिर खर्चही एकदम बाहेर येतो. पुढे बीएस-४ ची मुदत ३१ मार्च २०२० ला संपणार होती. म्हणून २०१९ मध्ये साठा हलका करण्यात नफ्याचे ताबडतोब नुकसान असले तरी तो भरून ठेवणे जास्त धोक्याचे होते.

तुम्ही शेअर बाळगत असाल तर कंपनीच्या तिमाही निकालात खर्चाच्या यादीत ‘तयार माल, अर्धवट माल आणि व्यापारी मालाच्या साठ्यातील बदल’ अशी ओळ असते. तो आकडा कंसात, म्हणजे उणे असेल तर साठा वाढला आहे. तो संपूर्ण आकडा फुगलेला नफा नव्हे. त्यातला फक्त स्थिर खर्चाचा भाग तसा आहे, आणि आमच्या कारखान्यात तो एक चतुर्थांश होता. दिवाळीआधी भरलेला साठाही असाच दिसतो, म्हणून दोन-तीन वर्षांतली तीच तिमाही शेजारी ठेवा. वाहन कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या: गाडी डीलरकडे रवाना झाली की कंपनी ती विकली असे धरते. डीलरच्या आवारात तुंबलेल्या गाड्या या ओळीत दिसत नाहीत. त्यासाठी ‘वाहन’ पोर्टलवरचे नोंदणीचे आकडे पाहावे लागतात.