तुटलेली नस पुन्हा कशी वाढते?



ज्वारी कापताना विळा निसटून मनगटाला लागतो. जखम भरते, पण करंगळी बधिर राहते आणि बोटे फाकवता येत नाहीत. अशा वेळी तुटलेली असते ती रक्ताची नस नव्हे, तर स्पर्श आणि हालचालीचा निरोप नेणारी नस, म्हणजे मज्जातंतू.

या नसेत हजारो बारीक धागे असतात. प्रत्येक धागा म्हणजे एका पेशीची लांबच लांब शेपटी. ती पेशी असते पाठीच्या कण्यापाशी. म्हणून नस कापली की पेशीपासून तुटलेला, बोटाकडचा भाग काही दिवसांत मरतो. मुळापासून तुटलेला वेल सुकतो, तसेच हे. इंग्लंडच्या ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवले.

धागा मेला तरी त्याचे वेष्टण शिल्लक राहते. त्यातल्या श्वान पेशी, मदतीला आलेल्या सफाई करणाऱ्या पेशींसोबत, मेलेला कचरा काही आठवड्यांत उचलतात. मग त्या रांगेत उभ्या राहून नव्या धाग्याला वाट दाखवतात. वरच्या जिवंत टोकाला कोंब फुटतो आणि तो या वाटेने दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंधरा सेंटीमीटर धरले, तर दीडशे दिवस झाले. सुरुवातीचे काही आठवडे मिळवले की सुमारे सहा महिने.

मात्र दोन्ही टोके समोरासमोर हवीत. ती दूर सरकली तर कोंब वाट चुकून गाठ होते. म्हणून वरची कातडी शिवून भागत नाही. बोट बधिर असेल तर लगेच नस जोडणाऱ्या सर्जनकडे जावे. स्नायूंपर्यंत धागा पोचायला वर्ष-दीड वर्षापेक्षा जास्त लागले, तर ते वाळतात आणि ताकद नीट परत येत नाही.

नस वाढते आहे हे कसे कळते? तिच्या वाटेवर बोटाने हलके टिचकावले की झिणझिण्या येतात, आणि ती जागा महिन्यागणिक बोटाकडे सरकते. तोवर चुलीपाशी जपा. बधिर बोटाला चटका कळत नाही.

मेंदू आणि मणक्यातल्या मुख्य दोरीत मात्र असे का होत नाही? तिथे श्वान पेशी नसतात. कचरा फार काळ पडून राहतो, त्यातले काही पदार्थ वाढ अडवतात आणि जखमेवर घट्ट वण धरतो. 1981 मध्ये कॅनडात सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मेंदूचा खालचा भाग आणि ही दोरी यांच्यामध्ये जोडला. त्या तुकड्यातून आतले धागे काही सेंटीमीटर वाढले. पुन्हा दोरीत शिरताच थोड्याच अंतरावर थांबले. म्हणजे धाग्यात वाढायची ताकद होती, अडचण भोवतालच्या जागेची होती.