कमळापासून वजनापर्यंत

१८७७ सालच्या नाताळात दोन मुलींना करायला काही उद्योग नव्हता. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, म्हणजे ‘अॅलिस’वाले लुईस कॅरल, यांनी त्यांच्यासाठी एक खेळ रचला. दोन शब्द द्यायचे, दोन्हींची लांबी सारखी. दर खेपेला एकच अक्षर बदलत पहिल्यावरून दुसऱ्यावर पोहोचायचं. आणि अट अशी की वाटेतला प्रत्येक शब्द खरा हवा. मार्च १८७९पासून ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात ही कोडी ‘डब्लेट्स’ या नावानं येऊ लागली. डोक्याचं शेपूट करा, हे त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं कोडं: हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. उच्चार ऐकून यात काहीच हाती लागत नाही, कारण खेळ सगळा स्पेलिंगचा आहे: `HEAD, HEAL, TEAL, TELL, TALL, TAIL`. दोन टोकांची चारही अक्षरं वेगळी, म्हणून चार पायऱ्या तर लागणारच. कॅरलला पाच लागल्या.

हा खेळ माणूस खेळतो तेव्हा डोक्यात शब्द चाचपतो, एखादा सुचला की पुढे सरकतो, अडला की मागे येतो. यंत्राला सुचत काही नाही. म्हणून त्याच्यासाठी आधी नकाशा काढावा लागतो. प्रत्येक शब्द म्हणजे एक गाव. ज्या दोन शब्दांत एकाच जागी फरक आहे, त्यांच्यामध्ये रस्ता. गावं आणि रस्ते यांच्या या जाळ्याला गणितात ग्राफ म्हणतात. नकाशा झाला की कोड्यात कोडं असं उरत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची सर्वांत कमी टप्प्यांची वाट शोधायची, एवढंच.

इंग्रजीतली उदाहरणं पुस्तकांतून भरपूर सापडतात, म्हणून मी मराठीत करून पाहिलं. ‘कमळ’पासून ‘वजन’पर्यंत जायचं. कागदावर अकरा शब्द लिहिले: कमळ, कमर, कवळ, कवन, कदर, सदर, सदन, वदन, भवन, भजन, वजन. (कवळ म्हणजे घास, कवन म्हणजे कविता.) आता कमळाला लागून कोण, तर कमर आणि कवळ. ही पहिली फळी. कमरेच्या शेजारी कदर, कवळाच्या शेजारी कवन, ही दुसरी. तिसऱ्या फळीत सदर आणि भवन, चौथीत सदन आणि भजन. पाचव्या फळीत सदनाकडून वदन येतं आणि भजनाकडून वजन. पोहोचलो. वाट: कमळ, कवळ, कवन, भवन, भजन, वजन.

या फळीफळीनं पसरण्याला ब्रेड्थ-फर्स्ट सर्च म्हणतात, आणि त्याचं सगळं मर्म एका रांगेत आहे. नवा शब्द दिसला की तो रांगेच्या शेवटी उभा राहतो. तपासायला घ्यायचा तो रांगेच्या तोंडाशी असलेला. त्यामुळे तिसऱ्या फळीतला शब्द दुसरी संपल्याशिवाय हाताळलाच जात नाही, आणि वजन पहिल्यांदा दिसतं तेच कमीत कमी पायऱ्यांनी. याउलट एकच वाट धरून खोल शिरत जाणारा, म्हणजे डेप्थ-फर्स्ट, शोध घेतला आणि तो आधी कमरेकडे वळला, तर कदर, सदर, सदन, वदन करत सहा पायऱ्यांनी वजनाला पोहोचेल. उत्तर बरोबर, पण सर्वांत लहान नव्हे. नवशिक्याच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक सहज लपते, कारण छापून आलेली शिडी पायरीपायरीनं तपासली तरी तिच्यात खोट सापडत नाही.

दुसरी चूक मात्र लपत नाही. रांगेत घातलेल्या शब्दावर तिथल्या तिथे ‘पाहिला’ अशी खूण केली नाही, तर कमळाकडून कवळ, कवळाकडून पुन्हा कमळ, असं चालू राहतं. वाट असेल तर ती उशिरा का होईना सापडते. वाटच नसेल तर यंत्र कधी थांबत नाही.

आणि वाट नसणं हे अपवादानं घडत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९९३च्या ‘स्टॅनफर्ड ग्राफबेस’साठी पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची यादी केली: ५,७५७ शब्द, १४,१३५ रस्ते. त्यांतले ४,४९३ शब्द एका मोठ्या मुलखात एकमेकांशी जोडलेले आहेत. पण ६७१ शब्दांना एकही शेजारी नाही. दर नववा शब्द एकटा, म्हणा ना. अशा शब्दांना कनुथ `aloof` म्हणतात, आणि हा शब्द स्वतःही त्यांच्यातलाच. एकट्या शब्दापासून निघालात तर रांग लगेच रिकामी होते; मोठ्या मुलखातून एकट्याकडे जायला निघालात तर साडेचार हजार गावं पालथी घातल्यावर वाट नाही हे कळतं. म्हणून जाणकार दोन्ही टोकांकडून एकदम शोध सुरू करतात. एकीकडची रांग संपली की खेळ संपला.

रस्ते आखण्याचीही एक युक्ती आहे. प्रत्येक शब्द प्रत्येकाशी ताडून पाहायचा तर कनुथच्या यादीत एक कोटी ६५ लाखांवर जोड्या होतात. त्याऐवजी शब्दातली एकेक जागा रिकामी ठेवून खण करायचे: `_मळ`, `क_ळ`, `कम_`. कमळ या तिन्ही खणांत पडतं. एका खणात पडलेले सगळे एकमेकांचे शेजारी. ५,७५७ शब्दांसाठी अशा २८,७८५ नोंदी पुरतात.

आता माझ्या कागदाकडे परत. पाच पायऱ्यांवर मी खूश होतो, आणि मग अमळ आठवलं. अमळ म्हणजे मळ नसलेलं. यादीत अमळ, अमन आणि वमन असे तीन शब्द घातले, तर कमळ, अमळ, अमन, वमन, वजन: चार पायऱ्या. शोधाची रीत तीच, टोकं तीच, फक्त कोश बदलला. ‘अमन हा मराठी शब्द आहे का’ या वादाचा निकाल कोणताही प्रोग्रॅम देऊ शकत नाही, पण उत्तर त्या निकालावर ठरतं. हे भांडण कॅरलच्या काळीही असणारच, कारण नेहमीच्या वापरातला शब्द कोणता हे ज्याचं त्याला वेगळं वाटतं.

मराठीत त्याहून मोठी अडचण आहे: अक्षर कशाला म्हणायचं? मी मुद्दाम काना-मात्रा नसलेले शब्द निवडले होते. पायथनला विचारून पाहा:

```python
len("कमळ")    # 3
len("कमान")   # 4
len("क्षमा")   # 5
```

आपण ‘क्षमा’ दोन अक्षरी म्हणतो. यंत्र क, हलन्ताची खूण, ष, म आणि काना असे पाच तुकडे मोजतं. त्याच्या लेखी कमळ आणि कमान यांची लांबीच वेगळी, म्हणून ते कधी एकमेकांसमोर येणारच नाहीत. आपल्या कानाला मात्र दोन्ही तीन अक्षरी. ‘ऱ्या’मधला अर्धा र तर युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो, पडद्यावर दोन शब्द जुळे दिसतात आणि प्रोग्रॅम त्यांना परके ठरवतो. म्हणून मराठी शिडी बांधणाऱ्यानं आधी सगळे शब्द एकाच रीतीनं लिहून घ्यावेत, मग त्यांची अक्षरं तोडावीत (व्यंजन, जोडाक्षर, मात्रा, अनुस्वार सगळं मिळून एक अक्षर), आणि खण करायचे ते त्या अक्षरांवर. असं केलं नाही तर नकाशा तयार होतो, पण त्यातले कितीतरी रस्ते हरवलेले असतात आणि प्रोग्रॅम एकही चूक दाखवत नाही. ओळखायची खूण एकच: ज्यांची वाट तुम्हाला तोंडपाठ आहे अशा चारदोन जोड्या आधी त्याला घालून पाहा.

एक जोडी देऊन ठेवतो. वरच्या चौदा शब्दांत ‘नमन’ घाला आणि ‘भजना’पर्यंत जा. तीन पायऱ्या लागतात. पहिलीच वमनाची आहे, त्याला माझा इलाज नाही.