पवित्र सप्ताह

पवित्र सप्ताह हा ख्रिस्ती उपासना-वर्षातील ईस्टरपूर्वीचा आठवडा होय. झावळ्यांच्या रविवारी त्याचा आरंभ होतो आणि येशू ख्रिस्ताचे शेवटचे भोजन व क्रूसावरील मृत्यू यांचे स्मरण करीत तो पुनरुत्थानाच्या सणापाशी येऊन ठेपतो. येथील विधिवर्णन रोमन कॅथलिक परंपरेचे आहे.

तारीख

२१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर मानतात. ही पौर्णिमा आकाशातील चंद्रावरून नव्हे, तर चर्चच्या कोष्टकावरून ठरते. २०२५ मध्ये ती १३ एप्रिलला, म्हणजे नेमकी रविवारी आली. अशा वेळी पुढचा रविवार धरण्याचा नियम असल्याने तो दिवस झावळ्यांचा रविवार ठरला आणि ईस्टर २० एप्रिलला साजरा झाला.

झावळ्यांचा रविवार

यरुशलेमेत येशूचे जयघोषाने स्वागत झाले, त्याच्या स्मरणार्थ भाविक आशीर्वादित झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. मात्र त्याच मिस्सात येशूच्या दुःखसहनाचा संपूर्ण वृत्तान्त वाचला जातो. त्यातील जमावाचे बोल पुष्कळ ठिकाणी उपस्थितांच्या तोंडी असतात. त्यामुळे काही वेळापूर्वी जयघोष करणारेच येशूच्या मृत्युदंडाची मागणी करतात. या दिवसाचा अर्थ या विरोधातच आहे. वाळलेल्या झावळ्या जाळून पुढील वर्षीच्या राखेच्या बुधवारची राख करतात.

गुरुवार ते शनिवारची रात्र

गुरुवारी सायंकाळी शेवटच्या भोजनाचा मिस्सा होतो व पाय धुण्याचा विधी केला जातो. या मिस्साअखेर नेहमीचा समारोपाचा आशीर्वाद नसतो. ख्रिस्तप्रसाद दुसऱ्या जागी नेऊन ठेवतात आणि वेदीवरील वस्त्रे काढून ती उघडी करतात. शुक्रवारचा विधी अभिवादनाशिवाय सुरू होतो. धर्मगुरू वेदीसमोर मौनपूर्वक साष्टांग लवतात. या दिवशी मिस्सा होत नाही. दुःखसहनाचे वाचन, प्रार्थना व क्रूसवंदन झाल्यावर आदल्या दिवशी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद वाटला जातो. गुरुवारी थांबलेल्या घंटा शनिवारच्या रात्रीच पुन्हा वाजतात आणि निरोपाचा आशीर्वादही तेव्हाच मिळतो. म्हणून हे तिन्ही विधी एकाच अखंड उपासनेचे भाग समजले जातात.

शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी पास्का मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस आणि त्या वर्षाचे अंक कोरलेले असतात. तिच्या ज्योतीवरून भाविकांच्या मेणबत्त्या उजळतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई. दिवसाच्या उजेडात या ज्योतीचा अर्थच हरवत असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात रात्री करण्यास परवानगी दिली आणि १९५५ च्या सुधारणेने रात्रीची वेळ कायम झाली.

ईस्टरची सकाळ

रविवारच्या मिस्सात सामान्यतः योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाचा आरंभ वाचतात. मरिया मग्दालिया अंधार असतानाच कबरेकडे जाते आणि तिला धोंड बाजूला केलेली दिसते. तिच्या सांगण्यावरून पेत्र व दुसरा एक शिष्य धावत येतात आणि त्यांना तागाची वस्त्रे तेवढी पडलेली आढळतात. हे वाचन येथेच थांबते. पुनरुत्थित येशू त्यात प्रत्यक्ष दिसत नाही.