वही मिटल्यावर काय येतं?

बारावीची पूर्वपरीक्षा, फिजिक्सचा पेपर. तिने प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि पेन हातातच राहिलं. हाताला घाम आला. शेजारच्या बाकावर पान उलटल्याचा आवाज झाला आणि छातीतली धडधड आणखी वाढली. (ही मुलगी आणि तिचे सर कल्पित आहेत, पण अशी मुलं कुठल्याही कॉलेजात भेटतात.)

प्रश्न तसा रोजचाच होता: सेकंद दोलकाची लांबी काढा. T = 2π√(l/g) हे सूत्र तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. अडलं ते पुढे. सेकंद दोलकाचा दोलनकाळ एक नव्हे, दोन सेकंद असतो, हे लक्षात ठेवायचं. मग वर्ग करून l एकीकडे आणायचा, T चाही वर्ग करायला विसरायचं नाही, आणि 9.8 × 4 ला 4π² ने भागायचं. उत्तर 0.99 मीटरच्या आसपास येतं. सूत्र पाठ असणं वेगळं आणि या पायऱ्या एकाच वेळी डोक्यात धरणं वेगळं. ते धरून ठेवणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ती म्हणजे मनातली कच्च्या कामाची पाटी, आणि पाटी लहान असते. ‘नापास झाले तर? बाबांना काय सांगू?’ हे प्रश्न त्याच पाटीवर उमटतात, मग आकडेमोडीला जागा उरत नाही. म्हणून घरी आल्यावर तोच प्रश्न पाच मिनिटांत सुटतो आणि मुलगी रडते.

“सर, मला सगळं येत होतं.”

“येत होतं, पण वही उघडी असताना,” सर म्हणाले.

बोलणं जरा लागट होतं, पण नेमकं होतं. ती रोज नोट्स वाचायची, पिवळ्या पेनाने ओळी रंगवायची. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं. परीक्षेत मात्र समोर कोरं पान असतं. सरांनी तिला उलटं करायला लावलं: धडा एकदा वाचायचा, वही मिटायची, आठवेल तेवढं लिहून काढायचं आणि मगच वही उघडून चुका पाहायच्या. पहिल्या आठवड्यात तिला हे अपमानास्पद वाटलं, कारण अर्धं पानही भरेना.

या सवयीला चांगला आधार आहे. 2016 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी काहींना शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहायला लावली, तर काहींना ती आठवून काढायला लावली. दुसऱ्या दिवशी काही जणांना लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून मुद्दाम ताण दिला. पाहून पाठ करणाऱ्यांची स्मृती ताणाखाली घसरली. आठवून सराव करणाऱ्यांची तशी घसरली नाही.

मग जागा बदलत नेली. जुना पेपर आधी घरी, घड्याळ लावून. मग स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. शेवटी कॉलेजच्या रिकाम्या वर्गात, सर मुद्दाम पाठीमागे उभे. तिथे पहिल्यांदा हात थरथरला, पण अर्ध्या तासात थांबला. भीती आपोआप ओसरते हे तिला त्या बाकावर कळलं, सांगून कळलं नसतं.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवण्याचा उपायही बराच गाजला. 2011 साली शिकागोच्या संशोधकांना त्याने गुण वाढलेले दिसले. 2018 मध्ये इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा फरक आढळला नाही. बरं वाटत असेल तर जरूर लिहावं, भिस्त मात्र त्यावर ठेवू नये. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की धडधड काहीशी उतरते, तेवढं बाकावर बसल्याबसल्या जमतं. पण कित्येक दिवस झोप उडाली, जेवण तुटलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर ही सरावाची बाब राहत नाही, डॉक्टरकडे जावं. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

बोर्डाच्या पेपरातही ती अडकलीच, दुसऱ्याच प्रश्नात. या वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. तिने प्रश्नाभोवती गोल केला, तीन लांब श्वास सोडले आणि ब विभागाकडे वळली. तिथे बारांपैकी आठच प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे येणारे निवडता येतात. चार उत्तरं लिहून झाल्यावर हात सुटला. दुसऱ्या प्रश्नाकडे ती पुरवणी घेतल्यानंतर परतली. त्यातला एक भाग तिला शेवटपर्यंत आठवला नाही. तो तिने कोराच ठेवला.