आधार घेणाऱ्याचा शब्द

माणूस आधी स्वतंत्र असतो आणि नाती नंतर जोडतो, या गृहीतकाला कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये आव्हान दिले. उदाहरणार्थ, कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला बसून पडलेला लाल चट्टा जाणवत नाही. तो दिसेल अशा जागी नसेल तर दुसऱ्या कोणालातरी तो रोज पाहावा लागतो, नाहीतर त्याची खोल जखम होते. नुसत्या हक्काच्या भाषेत हे पाहणे बसत नाही; ते काळजीच्या भाषेत बसते. पण काळजीची हुकमत होते, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून जोन ट्रोंटो काळजी मिळणाऱ्याच्या प्रतिसादाला काळजीचाच भाग मानतात. कोल्हापुरात १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभारणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या. गरज काय, हे तिथे आधार घेणारीनेच ठरवले.