निळ्या टिका दिसल्या, उत्तर आलं नाही

मैत्रिणींनो, भाताची काढणी झाल्यावर परंदवडीतल्या एका गटाच्या ताईंनी नवा इंद्रायणी तांदूळ थेट विकायचं ठरवलं. दोघींनी मिळून तळेगाव आणि सोमाटणे फाट्याकडच्या सोसायट्या, किराणा दुकानं, खानावळी अशा १८ ठिकाणी विचारणा केली. पंधरा दिवसांनी मी बैठकीला गेले, तर त्यातल्या एक ताई म्हणाल्या, "अगं, मी नाही आता कुणाला मेसेज टाकणार. लोक बघतात आन् गप बसतात. आपली किंमत काढल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, वही आणा. प्रत्येक नावासमोर काय झालं ते लिहून काढलं. दोघांनी तांदूळ घेतला होता, चौघांनी नाही म्हटलं होतं आणि १२ जणांकडून काहीच उत्तर नव्हतं. ताईंच्या डोक्यात मात्र "सोळा जणांनी नाकारलं" असंच बसलं होतं.

मग त्या १२ जणांचं मोबाईलवर बघितलं. ताईंनी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून एकदम मेसेज पाठवला होता. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं: ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो, त्यांनाच असा मेसेज पोचतो. सात जणांपुढे एकच राखाडी टिक होती, म्हणजे मेसेज त्यांच्या मोबाईलवर गेलाच नव्हता. ज्यांनी तांदळाचं नावही वाचलं नाही, त्यांच्यावर आपण पंधरा दिवस रुसून बसलो होतो!

उरलेल्या पाच जणांच्या निळ्या टिका होत्या. त्यांना दुपारी तीन-चारच्या सुमाराला फोन लावले. एकजण लग्नाला गावी होते आणि मेसेज विसरले होते. एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, कमिटीला विचारल्याशिवाय गेटवर विक्री करू देता येत नाही, मीटिंग रविवारी आहे. एक बाई म्हणाल्या, फोटो बघितले, पण भाव कुठे लिहिलाय? दोघांनी फोन उचलला नाही. गप्प बसण्यामागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ती मोकळी जागा आपण स्वतःच्या कमीपणानं भरतो. माझंही तसंच होतं, सांगते. नोकरीसाठी पाठवलेल्या अर्जांना उत्तर आलं नाही, की मी आरशात बघत बसायचे.

स्पष्ट नकार त्यापेक्षा बरा, कारण त्यात कारण मिळतं. आपल्या चार नकारांपैकी दोन दुकानदारांना महिनाभर उधारी हवी होती. एकाला पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर पाहिजे होता. एका घरी वर्षाचा तांदूळ आधीच भरला होता. यात ताईंबद्दल एक अक्षर तरी आहे का?

म्हसवडच्या बायकांचं उदाहरण यासाठीच सांगते. चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण दिलं होतं, की सभासद बायका निरक्षर आहेत. बायकांना वाईट वाटलंच. पण कारण कळलं होतं, म्हणून त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आता वहीत दोन रकाने वाढवलेत: "कारण" आणि "परत कधी". उत्तर नसेल तर चार-पाच दिवसांनी एक मेसेज, मग एक फोन, आणि तिथं थांबायचं. त्यापुढे गेलं तर लोक नंबर ब्लॉक करतात. कुणी अपमान केला तर त्या दारात परत जायचं नाही, आणि गटात सांगायचं. मात्र तीन-चार वेगवेगळी माणसं एकच गोष्ट बोलली, समजा "कणी जास्त आहे", तर "मनाला लावून घेऊ नका" म्हणून ती सोडायची नाही. चाळण बदलायची.

मेसेजही बदलला. लांबलचक माहिती आणि सहा फोटो काढून टाकले. आता एकच फोटो, किलोचा भाव आणि शेवटी एक प्रश्न असतो: "शनिवारी अर्धा किलो नमुना आणून देऊ का?" याला हो किंवा नाही म्हणायला माणसाला फार विचार करावा लागत नाही.

आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीनं दोन नवीन नावं घ्यायची ठरलंय. किती ऑर्डर आल्या ते नंतर विचारतो. आधी विचारतो, "दोघांना विचारलंस का?" कारण ऑर्डर समोरच्याच्या हातात असते, विचारणं आपल्या. फोन दोघी मिळून करतात. एकीनं बोलायचं, दुसरीनं लिहायचं. नकार आला की बोलणारीला तो एकटीला घरी न्यावा लागत नाही.

त्या सात जणांना एकेकाला नावानिशी मेसेज पाठवला. दोघांनी नमुना मागवला, त्यातल्या एकीनं दहा किलो नेला. फोन न उचलणाऱ्या दोघांपुढे ताईंनी लिहिलंय, "दिवाळीनंतर, नवा तांदूळ आल्यावर."