‘चार’ आणि ‘चारा’ टिपताना

‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच असलं तरी पहिला ‘च’ जीभ टाळूला लावून होतो आणि दुसरा दातांच्या मागे. आवाजाच्या आलेखात हा फरक सुटताना होणाऱ्या घर्षणात दिसतो. टाळूच्या ‘च’चा जोर साधारण ३ ते ५ हजार हर्ट्झमध्ये असतो, तर दाताकडच्या ‘च’चा त्याहून बराच वर, अनेकदा ६ हजारांच्या पुढे.

सॅम्पलिंग रेट म्हणजे आवाजाची नोंद सेकंदाला किती वेळा घेतली जाते तो आकडा. त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनसंख्या टिपता येतात. साध्या फोन कॉलचा दर अनेकदा ८००० असतो, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि दाताकडच्या ‘च’ची ओळखच जाते. यातली मोठी फसगत अशी की स्वर मात्र ठीक दिसतात, कारण त्यांच्या मुख्य खुणा ३००० हर्ट्झच्या आतच येतात. त्यामुळे चूक फार उशिरा लक्षात येते. नंतर फाईलचा दर वाढवून काही होत नाही. कापलेलं परत येत नाही. म्हणून सुरुवातीलाच ४४१०० दर, १६ बिट आणि WAV फाईल ठेवावी. एमपी३ आकार वाचवताना नेमका वरचा बारीक भाग टाकून देते, तेव्हा ती नकोच.

आता माइक. माझी पसंती डोक्याला लावायच्या कंडेन्सर माइकला, तोही चहूबाजूंनी सारखा ऐकणारा. एकाच दिशेने ऐकणारा माइक तोंडाजवळ आणला की खालचे स्वर फुगवतो. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून ४-५ सेंटीमीटर बाजूला असावा. समोर धरला तर ‘फ’, ‘ख’चा श्वास थेट त्यावर आदळतो. टेबलावर अर्ध्या मीटरवर ठेवला, तर बोलणं सुमारे २० डेसिबलने उतरतं, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. फोन किंवा रेकॉर्डरमधलं आवाज आपोआप कमी-जास्त करणं आणि गोंगाट पुसणं बंद करावं. गोंगाट पुसणाऱ्या सोयीला ‘च’चं घर्षणही गोंगाटच वाटू शकतं.

खोली निवडताना आधी पंखा, एसी आणि फ्रिज बंद करा. पंख्याच्या वाऱ्याचा ‘सूं’ घर्षणातच मिसळतो. विजेची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर बसते, आणि पुरुषाच्या आवाजाची पट्टी बहुधा १००च्या आसपासच असते. लादी आणि उघड्या भिंतींची रिकामी खोली टाळा. गाद्या, गोधड्या, कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली बरी. टाळी वाजवून पाहा. शेपूट ऐकू आलं तर आणखी गोधड्या टांगा.

बोलणारा बसला की आधी त्याला दहा सेकंद गप्प राहायला सांगा, मग ‘चार’, ‘चारा’ म्हणायला लावा. फाईल प्राट या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा आणि स्पेक्ट्रोग्रामची मर्यादा १०००० हर्ट्झपर्यंत वाढवा, कारण सुरुवातीची मर्यादा ५००० असते आणि त्यात वरचा भाग दिसतच नाही. शांत तुकडा आणि स्वर यांत निदान ३० डेसिबलचं अंतर हवं. लाटेची टोकं सपाट कापलेली दिसली तर आवाजाची पातळी कमी करून पुन्हा घ्या. ‘चारा’च्या सुरुवातीचा काळा पट्टा ‘चार’पेक्षा वर सरकलेला दिसला, की मुलाखत सुरू करायला हरकत नाही.